विमानात कोणी आजारी पडले तर...

२७ ऑगस्ट २०२३ च्या रात्री बंगळूरूहून दिल्लीला निघालेले एक विमान मध्येच नागपूरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरले. विमानात बिघाड नव्हता आणि हवामानही खराब नव्हते. विमानात दीड-दोन वर्षांची एक मुलगी होती. तिला जन्मापासून हृदयाचा आजार होता आणि पूर्वी तिच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती. उडत्या विमानात ती बेशुद्ध पडली. ओठ आणि बोटे निळी पडली, हातपाय गार झाले, श्वास थांबला आणि नाडी लागेनाशी झाली.

योगायोगाने दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे पाच डॉक्टर त्याच विमानाने परत चालले होते. त्यांनी लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात केली, घशात हवेची नळी घातली आणि इवल्याशा हाताची शीर शोधून त्यात सुई बसवली. बाळाचे हृदय पुन्हा चालू झाले. थोड्या वेळाने ते दुसऱ्यांदा बंद पडले, तेव्हा विमानातले विजेचा झटका देणारे यंत्र वापरावे लागले. पंचेचाळीस मिनिटे ही धडपड चालली. नागपूरला विमान उतरले तेव्हा बाळाची नाडी चालू होती आणि तिला बालरोगतज्ज्ञांच्या हाती सोपवण्यात आले. पुढे काही दिवसांनी नागपूरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. आकाशातली मदत माणसाला रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचवू शकते, त्यापुढची हमी ती देऊ शकत नाही, हेही या घटनेतून दिसते.

वर्तमानपत्रांनी त्या पाच डॉक्टरांचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. पण त्या रात्री आणखी काही हात कामाला लागले होते. झटक्याचे यंत्र विमानातच होते. विमान नागपूरला वळवण्याचा निर्णय वैमानिकाचा होता. विमानात कोणी आजारी पडले की ही सगळी व्यवस्था कशी हलते, तिथे डॉक्टरचे काम काय आणि आपले काम काय, हे या वेळच्या आरोग्य पानात आम्ही सांगणार आहोत. विमानाचा प्रवास आता आपल्या वस्त्यांनाही नवा राहिलेला नाही. कोणाचा मुलगा आखातात कामाला आहे, कोणाची लेक मुंबई-पुण्यात नोकरीला आहे, कोणी संघासोबत बुद्धगयेला किंवा थायलंडला जाऊन येतो. त्यात वयस्क आणि बीपी-शुगरची माणसे बरीच असतात, आणि अनेकांची ती पहिलीच वेळ असते.

विमानातली हवा वेगळी असते

विमान जमिनीपासून तीस-पस्तीस हजार फुटांवर उडते. तिथल्या हवेत माणूस जगू शकत नाही, म्हणून आतमध्ये दाब देऊन हवा भरलेली असते. पण हा दाब जमिनीवरच्या इतका ठेवत नाहीत. साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जशी हवा असते, तशी ती असते. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई सुमारे पाच हजार चारशे फुटांचे आहे. म्हणजे खुर्चीत पट्टा बांधून बसलेला माणूस श्वासाच्या दृष्टीने कळसूबाईच्याही वर जाऊन बसलेला असतो.

निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन तिथे थोडा कमी होतो, पण त्याला ते जाणवतही नाही. ज्याचे हृदय किंवा फुप्फुस आधीच कमजोर आहे, ज्याच्या अंगात रक्त खूप कमी आहे, त्याला मात्र हा थोडासा फरक जड जातो. शिवाय आतली हवा फार कोरडी असते. लघवीला उठावे लागू नये म्हणून पाणी न पिणारी आपली वडीलधारी माणसे त्यामुळे लवकर सुकतात.

विदर्भातल्या वाचकांसाठी इथे एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तिकडे आपल्या अनेक घरांत सिकल सेल आहे. ज्यांच्यात तो फक्त वाहक म्हणून आहे, त्यांना सहसा विमानप्रवासात अडचण येत नाही. पण ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, त्यांच्या बाबतीत कमी ऑक्सिजन आणि सुकलेले शरीर या दोन्ही गोष्टी वेदनेचा झटका आणू शकतात. अशा माणसाने तिकीट काढण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, नुकताच झटका येऊन गेला असेल तर प्रवास पुढे ढकलावा आणि विमानात थोडे थोडे पाणी पीत राहावे.

असे प्रसंग किती वेळा येतात? अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात २००८ ते २०१० या काळातले पाच विमान कंपन्यांचे सुमारे बारा हजार प्रसंग तपासले गेले. तो २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. त्यात सरासरी ६०४ उड्डाणांमागे एक असा प्रसंग आढळला. एक तृतीयांशाहून जास्त लोकांना फक्त चक्कर आली होती किंवा घेरी येऊन ते पडले होते. जवळपास निम्म्या प्रसंगांत विमानातल्या एखाद्या डॉक्टरने मदत केली होती. विमान दुसरीकडे वळवावे लागले ते शंभरात सुमारे सात वेळा. म्हणजे बहुतेक वेळा माणूस विमानातच सावरतो. प्रश्न असतो तो साधी घेरी आणि खरा धोका वेगळे ओळखण्याचा.

एक उदाहरण घेऊ

समजा, नागपूरच्या एका वस्तीतल्या बासष्ट वर्षांच्या मावशी मुलाकडे मुंबईला निघाल्या आहेत. विमान सकाळी साडेसहाचे. मावशी तीनला उठल्या, रोजच्या सवयीप्रमाणे साडेचारला शुगरची आणि बीपीची गोळी घेतली. विमानतळावर खाणे महाग, म्हणून पोटात चहाशिवाय काही नाही. डब्यात पोळी-भाजी आहे, पण विमानात खाल्लेले चालते की नाही हे माहीत नाही, म्हणून डबा उघडलेला नाही. (आपल्या देशातल्या प्रवासात घरचे कोरडे खाणे सोबत नेता येते आणि खाताही येते.)

सव्वासातच्या सुमाराला मावशींना दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात. शेजारच्या मुलाने विचारले तर त्या भलतेच काहीतरी बोलतात आणि मान टाकतात. त्या मुलाला वाटते, पहाटे उठल्या म्हणून झोप लागली असेल. इथे दहा मिनिटे वाया जाऊ शकतात. झोपलेला माणूस हाक मारली की नीट जागा होतो आणि त्याला घामाच्या धारा लागत नाहीत. शंका आली की डोक्यावरच्या पट्टीतले माणसाचे चित्र असलेले बटण दाबावे. विमान उतरत असेल किंवा चढत असेल तरी दाबावे, आणि कोणी लगेच आले नाही तर मोठ्याने हाक मारावी.

कर्मचारी काय करतात

विमानातल्या मुलामुलींना आपण चहा देणारे समजतो, पण त्यांना ठेवलेले असते ते सुरक्षेसाठी. आपल्याकडे पन्नास आसनांमागे किमान एक कर्मचारी लागतो. म्हणून १८० आसनांच्या विमानात ते चार असतात. प्रथमोपचार आणि छातीवर दाब देणे याचे प्रशिक्षण घेतल्याशिवाय त्यांना कामावर घेत नाहीत आणि ते प्रशिक्षण ठरावीक काळाने पुन्हा द्यावे लागते.

आजारी माणसाजवळ पहिला पोहोचलेला कर्मचारी तिथून हलत नाही. तो हाक मारतो, खांदा हलवतो, श्वास चालू आहे का ते पाहतो. दुसरा ऑक्सिजनची बाटली आणि औषधांच्या पेट्या घेऊन येतो. तिसरा आतल्या फोनवरून वैमानिकाला कळवतो आणि दोघांमधला निरोप्या होतो. वैमानिक आपली खोली सोडून येत नाही, म्हणून हा निरोप अचूक असावा लागतो: प्रवाशाचे वय, त्रास कधी सुरू झाला, शुद्ध आहे का, श्वास कसा आहे, काय दिले.

पेट्या दोन प्रकारच्या असतात. पहिली प्रथमोपचाराची, ती कर्मचारी स्वतः उघडतात. दुसरी डॉक्टरची पेटी, ती सीलबंद असते. तिच्यात बीपीचा पट्टा, स्टेथोस्कोप, सुया, सलाईनचे साहित्य, हृदयाच्या दुखण्याची गोळी, दम्याची औषधे, ॲलर्जीच्या जीवघेण्या झटक्यावरचे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन आणि शिरेतून द्यायचे ग्लुकोज अशी निवडक औषधे असतात. ती डॉक्टरनेच वापरायची असते. म्हणूनच ती उद्घोषणा होते, ‘प्रवाशांमध्ये कोणी डॉक्टर असतील तर कृपया कर्मचाऱ्यांना कळवावे.’

ऑक्सिजनलाही मर्यादा आहे. हातात धरून नेण्याच्या एका नेहमीच्या बाटलीत सुमारे ३१० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला चार लिटर सोडला तर ती सव्वा तासात संपते, दोन लिटर सोडला तर अडीच तास पुरते. रुग्णालयातल्यासारखा तो हवा तितका मिळत नाही. ज्याला घरीच ऑक्सिजन लागतो, त्याने विमानातल्या बाटलीच्या भरवशावर प्रवास करू नये. विमान कंपनीला काही दिवस आधी कळवून रीतसर सोय करून घ्यावी.

डॉक्टर आला, आता पुढे

मावशींच्या विमानात एक डॉक्टर होती. ती उठून आली. पहिली गोष्ट तिने केली ती कर्मचाऱ्याला आपले नाव, आपली शाखा आणि अनुभव सांगण्याची. कर्मचारी ओळखपत्र किंवा नोंदणीचा पुरावा मागतात. तो मागणे हा अपमान नव्हे, कारण बंद पेटी कोणाच्याही हाती देता येत नाही. त्वचेचा डॉक्टर असो की डोळ्यांचा, त्याने पुढे यावे आणि आपल्याला काय येते ते स्पष्ट सांगावे. ज्याने मद्य किंवा झोपेची गोळी घेतली आहे, त्याने मात्र उपचार हाती घेऊ नयेत.

तिने तीनच प्रश्न विचारले. आजार कोणते आहेत? औषध कोणते आणि कधी घेतले? शेवटचे कधी खाल्ले? मावशींना उत्तर देता येत नव्हते आणि सोबत कोणी नव्हते. पण त्यांच्या पिशवीत औषधांची चिठ्ठी होती. त्यावर शुगरच्या गोळीचे नाव होते. डबा न उघडलेला होता. निम्मे निदान तिथेच झाले.

मग तिने नाडी पाहिली आणि श्वास मोजला. बीपी पाहताना स्टेथोस्कोप कानाला लावून उपयोग नव्हता, कारण इंजिनच्या आवाजात त्यातून काही ऐकू येत नाही. तिने पट्टा फुगवला, मनगटावरची नाडी बोटांनी धरली आणि हवा सोडताना नाडी पुन्हा लागली तो आकडा घेतला. यातून बीपीचा वरचा आकडा कळतो आणि तेवढ्यावर काम भागते.

आता विचार असा. साधी घेरी असती तर आडवे करून पाय उंच धरल्यावर माणूस काही मिनिटांत सावरतो. मावशी सावरल्या नाहीत. हृदयाचा झटका असता तर छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणे असे सांगणे असते. पण शुगरच्या रुग्णाला कधी कधी छातीत न दुखताही झटका येतो, म्हणून ती शंका मनात ठेवावी लागते. लकवा असता तर तोंड एका बाजूला ओढलेले, एक हात लुळा आणि बोलणे अडखळणारे असते. मावशींच्या बाबतीत घाम, थरथर, बरळणे, गोळी घेतलेली आणि पोट रिकामे, हे सगळे शुगर खाली गेल्याकडे बोट दाखवत होते. मावशींच्या पिशवीत शुगर तपासण्याचे छोटे यंत्र होते. त्यावर आकडा आला ४८. सत्तरच्या खाली गेले की शुगर कमी समजतात.

मावशी अर्धवट शुद्धीत होत्या आणि ओठाला लावलेले पाणी नीट गिळत होत्या. म्हणून डॉक्टरने अर्ध्या पेल्यात तीन-चार चमचे साखर विरघळवून ती घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी यंत्रावर आकडा ८२ आला, घाम थांबला आणि मावशींनी आपण कुठे आहोत ते बरोबर सांगितले. मग त्यांना डब्यातली पोळी खायला लावली. साखर लवकर चढते आणि लवकर उतरते. तिच्या मागोमाग पोटात अन्न गेले नाही तर तोच प्रकार पुन्हा होतो. शुगरच्या काही गोळ्यांचा जोर कित्येक तास टिकतो. म्हणून डॉक्टरने मुंबईला उतरल्यावर विमानतळावरच्या डॉक्टरांना दाखवायला आणि दिवसभर मावशींना एकटे न सोडायला सांगितले.

मावशी पूर्ण बेशुद्ध असत्या तर तोंडात साखर, पाणी, चहा काहीही घालायचे नव्हते. ते श्वासनलिकेत जाऊन जीव जातो. अशा वेळी कुशीवर वळवून ठेवायचे आणि पेटीतले ग्लुकोज डॉक्टरने शिरेतून द्यायचे. घाबरून बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतण्याची आपल्याकडची सवय घरातही सोडायला हवी.

आणि डॉक्टर नसता तर? तरीही मावशी एकट्या पडल्या नसत्या. अनेक विमान कंपन्यांनी जमिनीवरच्या डॉक्टरांशी करार केलेला असतो. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात ‘मेडलिंक’ नावाचे असे एक केंद्र आहे. तिथले डॉक्टर रेडिओ किंवा उपग्रह फोनवरून जगभरच्या विमानांना सल्ला देतात. कर्मचारी माहिती सांगतो, तिकडचा डॉक्टर काय करायचे ते सांगतो. विमानात डॉक्टर असला तरी त्याने हा सल्ला घेतलेला बरा, कारण तिकडच्या माणसाचे रोजचे काम तेच असते.

परिचारिकांनाही आम्ही मुद्दाम सांगतो. उद्घोषणेत फक्त डॉक्टर म्हटले म्हणून बसून राहू नका. अनेकदा डॉक्टरपेक्षा तुमचा हात शिरेत सुई लवकर बसवतो, आणि छातीवर दाब देण्याचा सराव तुम्हाला असतो. आपण परिचारिका आहोत हे कर्मचाऱ्याला सांगा आणि बोलावले की जा.

निर्णय कोणाचा?

विमान जवळच्या शहरात उतरवायचे की पुढे न्यायचे, हे वैमानिक ठरवतो. डॉक्टर फक्त सल्ला देतो. याचा काही जणांना राग येतो, पण कारण समजून घ्यायला हवे. खाली धावपट्टी पुरेशी लांब आहे का, तिथे हवामान कसे आहे, इंधनाच्या वजनासकट विमान सुरक्षित टेकेल का, शहरात तसे रुग्णालय आहे का, हे डॉक्टरला दिसत नाही. एका रुग्णासाठी घेतलेला निर्णय बाकीच्या दीड-दोनशे जिवांनाही लागू होत असतो.

म्हणून डॉक्टरने ‘विमान उतरवा’ असा आग्रह धरण्याऐवजी रुग्णाला किती वेळ आहे हे स्पष्ट सांगावे. ‘अर्ध्या तासात रुग्णालय हवे’ किंवा ‘मुंबईपर्यंत थांबता येईल, पण रुग्णवाहिका तयार ठेवा’, अशा वाक्यावर वैमानिक निर्णय घेऊ शकतो. निर्णय झाला तरी पस्तीस हजार फुटांवरून खाली यायला साधारण वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणून त्रास अंगावर काढण्यात फार मोठा धोका असतो.

आमच्या कानावर एक भीती नेहमी येते, ‘विमान वळवले तर खर्च आपल्यावर येईल.’ आजारपणासाठी विमान वळवल्याचा खर्च सहसा त्या प्रवाशाकडून घेत नाहीत. मदत करणारा सहप्रवासी डॉक्टरही पैसे मागत नाही. खाली उतरल्यावर खासगी रुग्णालयाचे बिल मात्र तुमचेच असते. त्या भीतीने छातीतले दुखणे लपवू नका.

हृदयच थांबले तर

हाक मारून, हलवून माणूस उठत नाही आणि श्वास चालत नाही किंवा फक्त आचके देतो आहे, तर त्याचे हृदय थांबले असे धरतात. खुर्चीवर बसवून दाब देता येत नाही. म्हणून कर्मचारी त्याला उचलून चहा-नाश्ता ठेवतात त्या मोकळ्या जागेत जमिनीवर पाठीवर निजवतात. मोठ्या माणसाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा. तीस दाबांनंतर दोन श्वास. हे इतके दमवणारे काम आहे की दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो. इथे धडधाकट सहप्रवासीही कामाला येतात, पण कर्मचाऱ्याने बोलावल्यावरच.

विमानात झटक्याचे यंत्र असेल तर ते लगेच लावतात. त्याच्या दोन चिकटपट्ट्या उघड्या छातीवर लावल्या की यंत्र स्वतः हृदयाची लय तपासते आणि झटका द्यायचा की नाही ते बोलून सांगते. गरज नसेल तर ते झटका देतच नाही. दाब देणे कधी थांबवायचे, यालाही ठरलेली रीत आहे. माणूस श्वास घेऊ लागेपर्यंत किंवा खाली दुसऱ्यांच्या हाती देईपर्यंत ते चालू ठेवतात. यंत्र झटका सांगत नाही आणि अर्धा तास होऊनही जिवाची कसलीच खूण नाही, तर कर्मचाऱ्यांना थांबण्याची मुभा असते.

डॉक्टरला कायद्याची भीती असते का?

असते, आणि त्यापायी काही जण उठत नाहीत. अमेरिकेत १९९८ साली यासाठी खास कायदा झाला. घोर निष्काळजीपणा केला नसेल तर विमानात मदत करणाऱ्या डॉक्टरला त्याने संरक्षण दिले. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम १३४-अ मदतगाराला संरक्षण देते, पण ते रस्त्यावरच्या अपघातापुरते आहे. मात्र संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी प्रामाणिकपणे केलेली कृती गुन्हा ठरत नाही, हे तत्त्व जुन्या दंड संहितेच्या कलम ९२ मध्ये होते आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये आहे. डॉक्टरने रुग्ण शुद्धीत असेल तर विचारून हात लावावा, जे येते तेवढेच करावे, काय पाहिले आणि काय दिले ते कर्मचाऱ्याच्या फॉर्मवर वेळेसह लिहावे आणि खाली आलेल्या डॉक्टरला तोंडीही सांगावे.

निघण्याआधी

मावशी वाचल्या त्या चिठ्ठीमुळे, यंत्रामुळे आणि डब्यामुळे, आणि या तिन्ही वस्तू त्यांच्या हातातल्या पिशवीत होत्या. त्याच मोठ्या बॅगेत टाकल्या असत्या तर त्या विमानाच्या पोटात गेल्या असत्या आणि कोणाच्याही हाती लागल्या नसत्या. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत ठेवूच नये, ते तिथे गोठून निकामी होऊ शकते. रोजच्या गोळ्या, दम्याचा पंप, जिभेखाली ठेवायची गोळी आणि डॉक्टरची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी. पहाटेचे विमान असेल तर शुगरची गोळी कधी घ्यायची, हे आधीच डॉक्टरांना विचारावे. खाणार असाल तेव्हाच गोळी, हे बहुतेक जण सांगतील.

नुकताच हृदयाचा झटका येऊन गेला असेल, मोठी शस्त्रक्रिया झाली असेल किंवा श्वासाचा आजार बळावला असेल, तर विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म आपल्या डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. विमान सुटण्याआधीच बरे वाटत नसेल तर तेव्हाच सांगावे. कदाचित त्या दिवशी उतरवतील, पण विमानतळावरून रुग्णालय जवळ असते.

शेवटची गोष्ट फुकट आहे. विमानातल्या कर्मचाऱ्याला मराठी येईलच असे नाही. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या घरातल्या मुलाकडून एका कागदावर इंग्रजीत पाच ओळी लिहून घ्या: नाव आणि वय, आजार, औषधांची नावे आणि वेळा, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, आणि घरच्या माणसाचा फोन नंबर. तो कागद आजी-आजोबांच्या तिकिटाला टाचणीने लावा आणि बसल्या बसल्या शेजाऱ्याला एकदा दाखवून ठेवायला सांगा.